मृतांची गणती म्हणजे प्रमाणशीरता नव्हे

युद्धाच्या चर्चेत एक हिशेब सर्रास मांडला जातो: या बाजूचे किती मेले, त्या बाजूचे किती? ज्याने जास्त मारले, त्याने प्रमाणशीरतेचा नियम मोडला. या मताला एक भक्कम आधार आहे, हे आधीच मान्य करायला हवे. मृतदेह मोजता येतात. लष्करी लाभ मोजता येत नाही, आणि त्याचा अंदाज बांधतो तो हल्ला करणारा अधिकारीच.

तरीही हे मत टिकत नाही. शहराच्या दिशेने नेम न धरता सोडलेली रॉकेटे माळावर पडली आणि कोणीच मेले नाही, तरी सैनिक व नागरिक यांत फरक करण्याचा नियम मोडलेलाच असतो. गणती करणाऱ्याला हा भंग दिसतच नाही. जिनिव्हा करारांच्या 1977च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम 51मधला प्रमाणशीरतेचा नियमही दोन बाजूंचे मृत तोलत नाही. हल्ल्याआधी अपेक्षित असलेली नागरी हानी त्याच हल्ल्यातून अपेक्षित असलेल्या ठोस व थेट लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी आहे का, एवढेच तो विचारतो. (भारत या प्रोटोकॉलचा पक्षकार नाही, पण हा नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचाही भाग मानला जातो.)

अफगाणिस्तानातल्या कुंदूझचे उदाहरण घ्या. सप्टेंबर 2009च्या सुरुवातीला तालिबानने पळवलेले इंधनाचे दोन टँकर नदीतल्या वाळूत रुतले. इंधन न्यायला गावकरी जमले. 4 सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर जर्मन कर्नल गेओर्ग क्लाइन यांच्या आदेशावरून अमेरिकी विमानांनी 500 पौंडी दोन बॉम्ब टाकले. कित्येक नागरिक मेले. नेमक्या आकड्यावर एकमत नाही. विमानातल्या कॅमेऱ्यात माणसे केवळ ठिपक्यांसारखी दिसत होती. तिथे सगळे बंडखोरच आहेत, हे सांगणारा खबऱ्या एकच होता.

2010मध्ये जर्मन सरकारी वकिलांनी तपास बंद केला. नागरिक हजर असल्याची जाणीव क्लाइन यांना नव्हती, हे त्यांचे मुख्य कारण. अधिकाऱ्याला त्या क्षणी काय ठाऊक होते यावरूनच त्याचा निवाडा व्हावा, हे तत्त्व मला मान्य आहे. नंतर मोजलेल्या प्रेतांवरून तो करता येत नाही. पण ठाऊक नव्हते एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. लक्ष्याची खातरजमा करण्यासाठी शक्य ते सगळे करा आणि परिस्थिती आड येत नसेल तर नागरिकांना परिणामकारक पूर्वसूचना द्या, असे कलम 57 बजावते. वैमानिकांनी आधी खालून घिरटी घालून माणसे पांगवण्याची तयारी दाखवली होती. ती नाकारली गेली. टँकर तर वाळूत रुतलेले होते. घिरटीपुरता उशीर झाला असता, तरी ते तिथून हलणार नव्हते.

म्हणून कुंदूझमधला दोष मी मृतांच्या आकड्यात पाहत नाही. बॉम्ब टाकण्याआधी घ्यायची खबरदारी हाताशी असूनही घेतली गेली नाही, आणि एकच माणूस मेला असता तरी हा दोष तेवढाच राहिला असता.