श्रवणदोष असलेल्या मुलाचे मूल्यमापन (सिंधुदुर्ग किनारा)

श्रवणदोष असलेल्या मुलाची बुद्धी, वर्तन किंवा शिकण्याची क्षमता तपासताना चाचणीची निवड, सूचना देण्याची पद्धत आणि निकालाचा अर्थ यांत केलेले बदल. कमी ऐकू आल्यामुळे राहिलेली भाषेतील उणीव मतिमंदत्व, स्वमग्नता, अतिचंचलता किंवा अध्ययन अक्षमता म्हणून नोंदली जाऊ नये, हा या बदलांचा हेतू असतो.

पूर्ण बहिरे मूल घरच्यांच्या लवकर लक्षात येते. गफलत अधिक होते ती उतरत्या श्रवणदोषात. या मुलाला खालच्या पट्टीचे आवाज बरे ऐकू येतात, वरच्या पट्टीचे येत नाहीत. हाक मारली की ते वळते, होडीचे इंजिन ओळखते, म्हणून ‘ऐकाक येता त्येका’ असे घरचे खात्रीने सांगतात. पण स, श, त, क यांसारखे क्षीण व्यंजनध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मालवणीत ‘बाजाराक’, ‘शाळेक’ या रूपांतला शेवटचा ‘क’ असाच दुबळा असतो. तो कानी पडलाच नाही तर मूल ‘बाजारा गेलो’ म्हणते आणि ऐकणाऱ्याला व्याकरण कच्चे वाटते. उलट ‘चेडू इला’ किंवा ‘माका व्हया’ ही मालवणीची शुद्ध रूपे आहेत. प्रमाण मराठीच्या अपेक्षेने आलेला परीक्षक त्यांनाही चूक धरू शकतो. म्हणून भाषेचा नमुना घेताना घरात मालवणी बोलणारी व्यक्ती सोबत हवी, आणि मुलाची तुलना त्याच वाडीतल्या ऐकू येणाऱ्या मुलांशी व्हायला हवी.

कसे फसते हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. मालवण तालुक्यातील किनाऱ्यावरचा, दुसरीत शिकणारा साडेसात वर्षांचा मुलगा. वर्गात सांगितलेले करत नाही, शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहितो, गोष्ट चालू असताना उठतो. बिने-कामत चाचणीत त्याचे मानसिक वय साडेचार वर्षे आले. ५४ महिने भागिले ९० महिने, गुणिले १००, म्हणजे बुद्ध्यंक ६०. सौम्य मतिमंदत्वाच्या कक्षेत बसणारा हा आकडा गणित म्हणून बरोबर आहे. पण डॉ. वि. वि. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी बसवलेली ही चाचणी बरीचशी बोललेल्या प्रश्नांवर उभी आहे. प्रश्न पोहोचला नसेल तर न आलेले उत्तर बुद्धीबद्दल काहीच सांगत नाही.

याच मुलाच्या ऑडिओग्रामवर दोन्ही कानांत ५०० हर्ट्‌झला ३० डेसिबेल, १००० ला ४५, २००० ला ६५ आणि ४००० ला ७५ असा उतार असेल, तर चारही आकड्यांची सरासरी ५४ च्या आत राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ ठरण्यासाठी दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबेलचा ऱ्हास लागतो. म्हणजे श्रवणदोषाचा दाखला या मुलाला मिळणार नाही. चुकीच्या बुद्ध्यंकावर मतिमंदत्वाचा मात्र मिळू शकेल. सवलती दाखल्याला जोडलेल्या असल्याने ही चूक घर आणि शाळा दोघांनाही सोयीची वाटू शकते, आणि मग ती दुरुस्त करणे कठीण होते.

म्हणून पहिली पायरी कान. कानातला मळ व पडदा पाहणे, मधल्या कानाच्या दाबाची चाचणी, मग दोन्ही कानांचा स्वतंत्र ऑडिओग्राम. लहान किंवा सहकार्य न देणाऱ्या मुलासाठी झोपेत करायची बेरा चाचणी. सर्दीत मधल्या कानात पाणी साठले की ऐकणे आणखी २०-३० डेसिबेलने घटू शकते, त्यामुळे आजारी दिवशी बुद्धीची चाचणी घेऊ नये. तपासणीची सुरुवात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात होते. दक्षिणेकडची कुटुंबे गोव्यातील बांबोळीलाही जातात, आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे.

श्रवणयंत्र असेल तर चाचणीच्या सकाळी ते खरेच चालते का हे पाहावे लागते. मृगापासून पुढे किनाऱ्यावरच्या दमट हवेत कानातल्या साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात आणि आवाज अडतो. यंत्र कानाला आहे, पण मूल त्यातून काही ऐकत नाही. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवणे हा साधा उपाय. तपासण्यासाठी परीक्षकाने ओठ झाकून, मीटरभर अंतरावरून आ, ऊ, ई, म, श, स हे सहा ध्वनी काढावेत आणि मुलाने ऐकू येताच मणी टाकावा. ‘श’ व ‘स’ला मणी पडला नाही तर त्या दिवशी शाब्दिक चाचणी थांबवावी. पत्र्याखाली पाऊस वाजत असतानाही तेच करावे. बोलणे भोवतालच्या आवाजाहून १५ डेसिबेल वर असावे, हा वर्गखोल्यांसाठीचा निकष इथेही लागू धरायला हरकत नाही.

दुसरी पायरी चाचणीची निवड. सेग्विन फॉर्म बोर्ड, रेव्हनच्या रंगीत आकृत्या, भाटिया यांची कृतिचाचणीमाला, किंवा नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेल्या मापनश्रेणीतील फक्त कृतिविभाग. मात्र कृतिचाचणीची सूचनाही तोंडीच असते, आणि ऐकू न येणारे मूल ओठ व चित्र एकाच वेळी पाहू शकत नाही. आधी सांगावे, नजर परत आली की चित्राकडे बोट करावे, एक नमुना स्वतः सोडवून दाखवावा आणि मुलाकडून दोन सराव करून घ्यावेत. खुणांनी बोलणाऱ्या मुलासाठी भारतीय सांकेतिक भाषेचा जाणकार हवा. आई घरच्या खुणा उत्तम जाणते, पण नकळत उत्तर सुचवते. तिने सूचनेपुरते राहावे. आपल्या उदाहरणातील मुलगा या पद्धतीने रेव्हनच्या आकृत्यांत वयाच्या सरासरीला पोहोचला आणि शाब्दिक भागात साडेचार वर्षांवरच राहिला, तर ही तफावतच निदानाची खूण ठरते. तेव्हा दोन्हींची बेरीज करून एकच बुद्ध्यंक काढणे चूक आहे.

स्वमग्नतेसाठी भारतात वापरल्या जाणाऱ्या ईसा मापनीत ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण. सगळीकडे १ दिला तरी बेरीज ४० होते आणि ७० पासून सौम्य स्वमग्नता धरतात. आठ बाबींना ५ पडले की बेरीज ७२. संभाषण सुरू न करणे, ऐकलेले शब्द परत उच्चारणे, इतर मुलांत न मिसळणे या गोष्टी निव्वळ कमी ऐकू येण्यानेही घडतात. फरक आवाजाशिवायच्या वागण्यात शोधावा लागतो. मूल बोटाने दाखवून तुमच्या चेहऱ्याकडे पाहते का, बांगडा विकायचा लटका खेळ मांडते का, खूण समजली नाही तर ती बदलून पुन्हा करते का? या तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर गुणांच्या बेरजेवर निदान ठरवू नये.

उलट दिशेची चूकही तेवढीच खरी. गर्भावस्थेतील रुबेला, फार कमी दिवसांचा जन्म, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर यांनी कान आणि मेंदू दोन्हींना इजा होऊ शकते. त्यामुळे चांगले श्रवणयंत्र, नियमित सराव व खुणांची भाषा मिळूनही काही महिन्यांत मूल नवी खूण उचलत नसेल, तर ‘ऐकू येत नाही म्हणून’ एवढ्यावर थांबता येत नाही. एक उपयोगी कसोटी अशी: न शिकवलेल्या पाच वस्तूंची नावे शब्द व खुणेने शिकवावीत, आणि तासाभराने व आठवड्याने विचारावीत. बुद्धी शाबूत असलेले मूल ती सहसा धरते.

अहवालात ऑडिओग्रामचे आकडे, चाचणीच्या दिवशीची यंत्राची स्थिती, यंत्र लागल्याचे वय, वापरलेली भाषा आणि सूचनेतला प्रत्येक बदल लिहावा. सूचना बदलली की मूळ चाचणीचे मानक तंतोतंत लागू होत नाहीत. म्हणून गुण नेमका आकडा म्हणून न देता टप्पा म्हणून द्यावेत. तिसऱ्या वर्षी यंत्र मिळालेल्या सात वर्षांच्या मुलाचे ऐकण्याचे वय चार असते, आणि त्याची भाषा त्या चाराशी ताडून पाहावी लागते. पहिले यंत्र लागल्यापासून सहा महिने ते वर्षभर कायमचे निदान टाळून फेरतपासणीची तारीख अहवालातच नोंदवावी.