आखातातून आलेल्या मुलांची बारावी: आधी बोर्ड बघा

मुलगा दुबईत शिकला म्हणजे त्याचं सर्टिफिकेट परदेशी, असं सातारा-सांगलीकडचे बरेच पालक धरून चालतात. तसं नसतं. शाळा दुबईत असली तरी बोर्ड सीबीएसई असेल तर ते भारतीयच, समकक्षता लागत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात प्रवेश घेताना मायग्रेशन सर्टिफिकेट द्यायचं आणि कॉलेजमार्फत विद्यापीठाची पात्रता घ्यायची.

आता समजा, थोरला सीबीएसईचा आणि धाकटी केंब्रिजची. तिची आयजीसीएसई म्हणजे आपली दहावी. तेवढ्यावर बीएस्सी मिळत नाही, पुढची ए लेव्हल हवी, तीही विज्ञानाच्या विषयांत. शिवाय समकक्षतेचं सर्टिफिकेट लागतं. यूजीसीच्या एप्रिल 2025 च्या नियमांत त्यासाठी किमान बारा वर्षांचं नियमित शालेय शिक्षण मागितलंय. म्हणून मधल्या वर्षांचे दाखलेही जपून ठेवा.

नावात तर हमखास घोळ! पासपोर्टवर शेवटी वालिदांचं नाव, मार्कशीटवर आडनाव मुलाणी. ही दुरुस्ती तिथल्या शाळेमार्फत, परतण्याआधीच करून घ्या. इथून पत्रव्यवहार करेपर्यंत प्रवेशाची तारीख निघून जाते.