विटेवर चित्र कुठून आलं?

बडोद्याच्या तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवर बोललो, त्या भागात मी एका पडक्या भिंतीवरचं चित्र दाखवलं होतं. अर्धा गिलावा शाबूत, अर्ध्या विटा उघड्या. "ही भिंत कुठे आहे?" असं एकानं विचारलं आणि मी ओशाळलो. भिंत खरी, चित्रही खरं. पण दोघांची गाठ मी संगणकावर घातली होती, आणि ते सांगायचं राहून गेलं होतं.

या युक्तीलाही इतिहास आहे. १९७८ साली जिम ब्लिन यांनी सपाट पृष्ठभागावर फक्त उजेडाचा हिशेब बदलून खडबडीतपणाचा भास निर्माण केला. कडा मात्र सरळच राहायची. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या रॉब कुक यांनी पृष्ठभागच सरकवण्याची कल्पना मांडली. तेच डिस्प्लेसमेंट. फोटोशॉपमधलं Displace हे त्याचं सपाट भावंडं म्हणा. ते खोली देत नाही, चित्राचे पिक्सेल नुसते बाजूला सरकवतं.

मी काय केलं? भिंतीचा फोटो कृष्णधवल केला, जरासा धूसर केला, आणि PSD म्हणून वेगळा जपला. मग चित्राच्या थरावर Filter > Distort > Displace, आडवं १० आणि उभं १०. जिथे नकाशात बरोबर मधली राखाडी छटा, म्हणजे १२८, तिथे चित्र जागचं हलत नाही. त्याहून गडद जागी ते एका बाजूला जातं, उजळ जागी दुसऱ्या. १० या मापाला जास्तीत जास्त १३ पिक्सेल. शेवटी थर Multiply केला, की सांध्यांच्या सावल्या रंगातून वर येतात.

गंमत अशी की यंत्राला खोली कळत नाही, काळं-पांढरं तेवढं कळतं. माझ्या भिंतीवर ओलीचा एक काळा डाग होता. तो सपाटच, पण तिथे चित्रातल्या घोड्याची मान खड्ड्यात गेल्यासारखी वाकली. नकाशात तो डाग आजूबाजूच्या राखाडीनं रंगवून टाकला, तेव्हा मान सरळ झाली.

पण खरी चूक वेगळीच होती, आणि ती इतिहासाची होती. जुन्या वाड्यांत चित्र गिलाव्यावर काढत. वीट दिसते, याचा अर्थ तिथला गिलावा पडला. मग त्याच्यावरचा रंगही गेला. मी मात्र घोड्याचे पाय उघड्या विटांवरून झोकात चालवले होते! आजच्या रस्त्यावरच्या भित्तिचित्रात ते चालेल, तिथे रंग थेट विटेवर देतात. इथे नाही.

म्हणून मास्क लावून विटांवरचं चित्र पुसलं, गिलाव्याची तुटकी कड तेवढी राखली. घोडा आता गुडघ्यापर्यंतच आहे, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: 'चित्र संगणकावर बसवलेलं'.