फर्माची बेरीज: १०४०३ पासून दोनशे कोटींपर्यंत

१०४०३ ही संख्या मूळ आहे की संयुक्त? शाळेत शिकवलेली सरळ वाट म्हणजे २, ३, ५, ७ अशा एकेका मूळ संख्येने भाग देऊन पाहायचे. या वाटेने गेलो तर पंचवीस वेळा निराशा पदरी पडते, कारण शंभरच्या आतल्या एकाही मूळ संख्येने हिला भाग जात नाही. सव्विसावी मूळ संख्या १०१. तिथे कुठे भाग जातो.

आता दुसरी वाट पाहू. १०४०३ च्या लगेच वर असलेला पूर्ण वर्ग शोधा. १०२ चा वर्ग १०४०४. त्यातून आपली संख्या वजा केली तर उरतो १, आणि १ हाही वर्गच आहे. म्हणजे १०४०३ = १०२² − १². आठवी-नववीत पाठ केलेले सूत्र a² − b² = (a + b)(a − b) लावले की १०३ × १०१ हे अवयव एका ओळीत हाती येतात.

हे सूत्र फार जुने आहे. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ते रेषा आणि आयतांच्या भाषेत येते. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये हा ग्रंथ अरबीत आला. हज्जाज इब्न युसुफ इब्न मतर यांनी तो भाषांतरित केला. पुढे इसहाक इब्न हुनैन यांनी नवे भाषांतर केले आणि साबित इब्न कुर्रा यांनी ते तपासून सुधारले. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) हाच नियम वेगळ्या वेशात भेटतो: दोन राशींच्या वर्गांतील फरकाला त्या राशींच्या फरकाने भागले की त्यांची बेरीज मिळते. अकबराच्या दरबारातील शायर फैजी यांनी १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत नेली, तेव्हा हा नियमही तिच्याबरोबर गेला.

पण या ठिकाणी वर्ग किंवा त्यांच्यातला फरक आधीच हातात असतो. प्रश्न उलटा केला तर? नुसती एक मोठी संख्या समोर आहे, ती कोणत्या दोन वर्गांतला फरक आहे ते शोधायचे आहे. हे काम पिएर द फर्मा यांनी करून दाखवले. फर्मा पेशाने तुलूझच्या न्यायालयात सल्लागार होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळेचा छंद, आणि त्यांचे बरेचसे शोध पत्रांतूनच जगाला कळले. १६४३ च्या सुमारास लिहिलेल्या अशाच एका पत्रात त्यांनी २०२७६५१२८१ ही संख्या घेऊन आपली रीत समजावली आहे.

या संख्येचे वर्गमूळ ४५०२९ हून थोडे जास्त येते. म्हणून सुरुवात ४५०३० पासून. त्याच्या वर्गातून मूळची संख्या वजा केली की ४९६१९ उरतात. हा पूर्ण वर्ग आहे का? नाही, आणि ते कळायला वर्गमूळ काढावे लागत नाही. कोणत्याही पूर्ण वर्गाच्या शेवटी १९ हे दोन अंक येऊच शकत नाहीत.

मग पुढची पायरी ४५०३१. इथे पुन्हा मोठा वर्ग करत बसायचे कारण नाही. एका संख्येच्या वर्गावरून पुढच्या संख्येच्या वर्गावर जाताना त्या संख्येची दुप्पट अधिक एक एवढीच भर पडते. म्हणून ४९६१९ मध्ये ९००६१ मिळवले की १३९६८० मिळतात. त्यानंतर ९००६३ मिळवायचे, मग ९००६५, मग ९००६७. सारा गुणाकार संपून फक्त बेरीज उरते.

बाकी अशा वाढत जातात: ४९६१९, १३९६८०, २२९७४३, ३१९८०८, ४०९८७५, ४९९९४४, ५९००१५, ६८००८८, ७७०१६३, ८६०२४०, ९५०३१९ आणि १०४०४००. शेवटचे दोन अंक पाहिले तर बारापैकी दहा संख्या जागीच बाद होतात. उरतात दोन. ४९९९४४ च्या शेवटी ४४ आहेत, म्हणून संशय येतो, पण ७०७ चा वर्ग ४९९८४९ आणि ७०८ चा ५०१२६४. ही मधेच पडते. बारावी बाकी १०४०४०० मात्र १०२० चा नेमका वर्ग आहे. गंमत म्हणजे आपल्या १०४०३ च्या शेजारचा १०४०४ इथे शंभर पट होऊन बसला आहे.

ही बारावी पायरी ४५०४१ ची. म्हणून अवयव ४५०४१ + १०२० आणि ४५०४१ − १०२०, म्हणजेच ४६०६१ आणि ४४०२१. अकरा बेरजा आणि वर्गमुळाच्या दोन तपासण्या. एकेका मूळ संख्येने भागत गेलो असतो तर ४४०२१ गाठेपर्यंत चार हजारांहून जास्त भागाकार झाले असते.

कोणत्याही विषम संयुक्त संख्येला ही रीत लागू पडते. दोन विषम अवयवांची सरासरी हा a आणि त्यांच्या फरकाचा निम्मा हा b. सम संख्या असेल तर आधी २ बाहेर काढून घ्यायचे. मग ही रीत सगळीकडे का वापरत नाहीत?

त्याचे उत्तर १०४०३ हून फक्त दोनने लहान असलेल्या १०४०१ मध्ये आहे. हिच्या अंकांची बेरीज ६, म्हणून ३ ने भाग जातो हे कोणताही विद्यार्थी सांगेल: १०४०१ = ३ × ३४६७. पण फर्माच्या रीतीने गेलो तर दोन्ही अवयवांची सरासरी १७३५ येते. सुरुवात १०२ पासून, मुक्काम १७३५ वर. तब्बल १६३४ पायऱ्या! अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर रीत क्षणात उत्तर देते, दूर असतील तर थकवून मारते. ते जवळ असताना पायऱ्यांचा अंदाजही बांधता येतो: अवयवांमधील फरकाचा वर्ग करा आणि मूळ संख्येच्या वर्गमुळाच्या आठपटीने भागा. फर्मांच्या उदाहरणात फरक २०४० आहे. हिशेब केला तर साडेअकराच्या आसपास उत्तर येते.

जवळ-दूरच्या या भेदावर आज संगणकांची कुलपे अवलंबून आहेत. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी बांधलेल्या आरएसए पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर असतो आणि त्याचे अवयव गुप्त. त्या दोन संख्या खरोखर स्वैरपणे निवडल्या तर त्यांच्यातला फरकच शेकडो अंकी असतो, आणि फर्मांच्या बेरजा विश्वाच्या अंतापर्यंत संपणार नाहीत. पण २०२२ मध्ये जर्मनीचे हॅनो ब्योक यांना काही प्रिंटरांमध्ये तयार झालेल्या अशा किल्ल्या सापडल्या, ज्यांतल्या दोन मूळ संख्या अगदी शेजारी-शेजारी निवडलेल्या होत्या. शेकडो अंकांचे ते गुणाकार फर्मांच्या रीतीने फारच थोड्या पायऱ्यांत फुटले. कुलूप भक्कम दिसत होते, संख्याही पुरेशी लांबलचक होती. पण आतून तो १०४०३ चाच मोठा भाऊ निघाला.