एकच पटकी, दोन संशोधक: अभ्यास सुरू कुठे करायचा आणि थांबवायचा कुठे?

संशोधनपद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात विगमन आणि निगमन ही जोडी भेटतेच. बी.एड. केलेल्यांना ती उद्गामी आणि अवगामी या नावांनी माहीत असेल. व्याख्या सोपी आहे. उदाहरणांकडून नियमाकडे गेलात तर विगमन, नियमाकडून उदाहरणाकडे आलात तर निगमन. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण प्रत्यक्ष अभ्यास करायला बसलं की खरा प्रश्न वेगळाच निघतो: माहिती कुठून गोळा करायला लागायचं आणि ‘आता पुरे’ असं कधी म्हणायचं? या दोन पद्धती त्याची अगदी वेगळी उत्तरं देतात. ती समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकातल्या लंडनइतकी चांगली जागा मला तरी दुसरी माहीत नाही. शहर एक, रोग एक, नोंदवह्याही बऱ्याच अंशी त्याच. पण संशोधक दोन. विल्यम फार आणि जॉन स्नो.

आधी फार. हे इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात आकडेवारीचं काम पाहत. १८४८-४९ च्या पटकीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं मेली. (पटकी म्हणजे कॉलरा. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत हाच शब्द सापडतो.) प्रत्येक मृत्यूची नोंद फार यांच्या कार्यालयात येत होती. त्यांनी सुरुवात केली ती या सगळ्या नोंदींपासून. शहराचा एकेक विभाग घेतला आणि त्याची दाटी, घरांची किंमत, पाणी कुठून येतं, जमीन किती उंच आहे हे मृत्युदरासमोर मांडलं. कुठली गोष्ट मृत्यूंबरोबर हलते ते शोधायचं, ही त्यांची रीत. म्हणजे शुद्ध विगमन.

आणि एक गोष्ट फारच देखणी हलली: उंची. थेम्स नदीच्या पातळीपासून वीस-वीस फुटांच्या पायऱ्या पाडल्या, तर सर्वांत खालच्या पायरीवर दर दहा हजार वस्तीमागे १०२ मृत्यू. त्यावरच्या पायऱ्यांवर ६५, ३४, २७, २२, १७. आता तुम्हीच एक गंमत करून बघा. १०२ ला ओळीने २, ३, ४, ५, ६ ने भागा. ५१, ३४, साधारण २६, २०, १७ येतात. दुसरी पायरी सोडली तर आकडे जवळजवळ बसतात. फार यांनी १८५२ च्या अहवालात याचं सूत्रच मांडलं. कारणही हाताशी होतं. नदीकाठच्या सखल भागात कुजलेल्या घाणीची दूषित हवा साचते, वर जावं तशी ती विरळ होते, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. आकडे आणि समज एकमेकांत चपखल बसले.

अभ्यास इथे थांबला. का थांबला हे महत्त्वाचं आहे. विगमनात शेवट आतून येतो: आकृतिबंध दिसला, नवी माहिती घातली तरी तो मोडत नाही, म्हणजे झालं. आज गुणात्मक संशोधनात ‘नवीन मुलाखतींतून आता नवीन काही येत नाही, थांबूया’ असं म्हणतात, तेही याच जातीचं थांबणं. त्यात एक धोका आहे. आकृतिबंध स्थिर झाला एवढंच ते सांगतं. तो कशाचा आहे हे सांगत नाही. लंडनचा सखल भाग मुख्यतः थेम्सच्या दक्षिणेला होता, आणि तिथलं बरंचसं नळाचं पाणी शहरातूनच, गटारं मिसळलेल्या नदीतून उचललेलं असे. उंची आणि पाणी हातात हात घालून चालत होते. फार यांनी पाण्याप्रमाणेही विभाग लावून पाहिले होते आणि फरक दिसलाही होता. पण घाण पाण्याचे विभागच सखलही होते. अशा वेळी त्याच ढिगात आणखी हजार नोंदी घातल्या तरी गाठ सुटत नाही. नोंदी वाढतात, गाठ तीच राहते.

आता स्नो. हे भूल देणारे डॉक्टर. वायू फुप्फुसात गेल्यावर शरीरात काय करतो, हे त्यांचं रोजचं काम. त्यांची सुरुवात नोंदवहीपासून नाही, एका विधानापासून आहे. पटकीची पहिली लक्षणं पोटात दिसतात. विष श्वासातून आत गेलं असतं तर आधी सगळ्या शरीराला बाधा व्हायला हवी होती. त्याअर्थी ते गिळलं जात असणार. रोग्याच्या जुलाबातून बाहेर पडून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. हे त्यांनी १८४९ मध्येच छोट्या पुस्तिकेत छापलं. हे विधान आकाशातून पडलं नव्हतं, हेही लक्षात घ्या. रोगी आणि वस्त्या पाहूनच ते सुचलं होतं, म्हणजे बीज विगमनाचंच. पण एकदा विधान हाती आल्यावर त्यांनी उलट दिशेने चालायला सुरुवात केली: हे खरं असेल, तर आणखी काय दिसायलाच हवं?

याचं उत्तर तपासायला योग्य जागा लागते, आणि ती त्यांना दक्षिण लंडनमध्ये सापडली. तिथे साउथवर्क अँड वॉक्सहॉल आणि लॅम्बेथ अशा दोन पाणी कंपन्यांचे नळ कित्येक ठिकाणी एकाच रस्त्यावरून जात. शेजारच्या दोन घरांत दोन कंपन्यांचं पाणी. गरीब, श्रीमंत, लहान घरं, मोठी घरं दोघींकडेही. पूर्वी दोन्ही कंपन्या शहरातलंच पाणी उचलत. १८५२ मध्ये लॅम्बेथने आपलं उपसा केंद्र वरच्या अंगाला, थेम्स डिटन इथे नेलं, जिथे लंडनची गटारं पोचत नव्हती. दुसरी कंपनी बॅटरसीलाच राहिली.

दोन्ही समजुतींतून काय निघतं ते बघा. हवा दोषी असेल, तर शेजारी-शेजारी घरांची हवा एकच आणि उंचीही एकच, म्हणून मृत्युदर सारखा हवा. पाणी दोषी असेल तर दर वेगळा हवा. निकाल काय आला तर आपलं म्हणणं खोटं, हे माहिती गोळा करण्याआधीच ठरलं. निगमनात अभ्यासाची हद्द अशी आखली जाते. सगळं लंडन नको. दोन समजुती जिथे वेगवेगळं भाकीत करतात तेवढाच तुकडा पुरे. दाटी, गरिबी, उंची वेगळी मोजायची गरज नाही, कारण त्या तुकड्यात त्या दोन्ही बाजूंना मिसळलेल्याच आहेत.

१८५४ च्या उन्हाळ्यात पटकी परत आली आणि स्नो मृतांचे पत्ते घेऊन दारोदार फिरू लागले. अडचण अशी, की भाडेकरूंना आपलं पाणी कुठल्या कंपनीचं हे बहुतेकदा माहीतच नसे. त्यावर त्यांनी एक साधी युक्ती काढली. बॅटरसीपर्यंत भरतीचं खारं पाणी चढायचं, थेम्स डिटनला नाही. नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की एका पाण्यात दाट पांढरा साका येई, दुसऱ्यात जेमतेम गढूळपणा. गॅलनमागे एकात जवळजवळ ३८ ग्रेन मीठ, दुसऱ्यात एक ग्रेनही नाही.

केनिंग्टनमधल्या पहिल्या ४४ मृत्यूंपैकी ३८ बॅटरसीचं पाणी पिणाऱ्या घरांतले निघाले. इथेच थांबावं असं तुम्हाला वाटेल. स्नो थांबले नाहीत. ४४ पैकी ३८ हा नुसता अंश आहे, छेद कुठे आहे? त्या भागात त्या कंपनीची घरंच जास्त असली तर? दोन्ही कंपन्यांच्या घरांची एकूण संख्या संसदेला दिलेल्या माहितीतून मिळत होती, पण छोट्या विभागांची मिळत नव्हती. त्यामुळे दोन्ही कंपन्यांच्या सगळ्या भागातले मृत्यू गोळा होईपर्यंत काम चालू ठेवणं भाग होतं. काही विभाग त्यांनी एका सहकाऱ्याकडे सोपवले. पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा:

साउथवर्क अँड वॉक्सहॉल: ४०,०४६ घरं, १,२६३ मृत्यू, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५.
लॅम्बेथ: २६,१०७ घरं, ९८ मृत्यू, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३७.

भाकीत केलेला फरक दिसला, तोही साडेआठ पट. आता थांबता येत होतं, कारण थांबण्याची जागा बाहेरून, आधीच ठरलेली होती.

पण ‘थांबता येतं’ म्हणजे ‘सिद्ध झालं’ नव्हे. छेद सगळ्या कंपनीचा होता, फक्त मिसळलेल्या रस्त्यांचा नव्हे, ही उणीव होतीच. दुसरी अडचण तर्काची. ‘म्हणणं खरं असेल तर फरक दिसेल, फरक दिसला, म्हणून म्हणणं खरं’ ही उडी निगमनात वैध नाही, कारण तोच फरक दुसऱ्या कारणानेही दिसू शकतो. पुढे १८५६ मध्ये सरकारी आरोग्य अधिकारी जॉन सायमन यांनी हीच तुलना घरांऐवजी माणसं मोजून केली. दर दहा हजारांमागे १३० विरुद्ध ३७ असा फरक त्यांनाही मिळाला. पण त्यातून त्यांनी काढलेला अर्थ एवढाच, की घाण पाण्याने माणूस रोगाला बळी पडायला सोपा होतो. स्नो यांचं मूळ म्हणणं त्यांनी तेव्हा स्वीकारलं नाही. म्हणजे स्नो यांच्या चाचणीने ‘फक्त हवा’ हे म्हणणं बाद केलं, पण पाण्यातलं नेमकं काय मारतं हे खुलं राहिलं. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला आणि १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्यातही तो त्यांना सापडला. तोवर तीस वर्षं गेली होती.

मग फार हरले का? नाही. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पटकी उसळली. स्नो तोवर वारले होते. फार पुन्हा आपल्या नोंदींकडेच वळले, पण या वेळी हातात प्रश्न होता: हे मृत्यू कुणाच्या पाण्याच्या हद्दीत आहेत? ते ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या हद्दीत दाटलेले निघाले. आपला उंचीचा नियम मागे ठेवून त्यांनी पाण्याच्या बाजूने अहवाल लिहिला. पद्धत तीच होती, फक्त आता माहितीच्या ढिगात कुठे कापायचं हे माहीत होतं.

तुम्ही स्वतःच्या अभ्यासाचा आराखडा लिहीत असाल तर या दोघांना समोर ठेवा. विगमनाने चालला असाल, तर आकृतिबंध स्थिर झाला की लगेच ‘झालं’ म्हणू नका. त्याच्याबरोबर आणखी काय-काय हलतंय ते लिहून काढा, आणि त्या दोन गोष्टी जिथे सुटतात अशी एक तरी जागा, एखादं दुहेरी नळांचं गाव, शोधा. निगमनाने चालला असाल, तर कुठला निकाल आला की म्हणणं सोडाल ते गोळा करायला लागण्याआधी कागदावर उतरवा, आणि अंशाबरोबर छेद कुठून येणार हेही. फार यांच्या तक्त्यात चूक नव्हती. १०२ आणि १७ हे आकडे आजही तसेच आहेत, नुसते उंचीचे नव्हते.