देवीच्या अंगावरचे थर

दिवाळीआधी भिंत खरवडताना आपण सगळ्यांनी एक गोष्ट पाहिलेली असते. वरच्या पिवळ्या रंगाचा पोपडा निघाला की आत निळा दिसतो, निळ्याच्या आत चुना, आणि चुन्याखाली मातीचा गिलावा. घरातली म्हातारी लगेच सांगते, "हा निळा तुझ्या नवऱ्याच्या लग्नातला." रंग कुठल्या रंगाखाली आहे, यावरून ती काळ सांगते. आज आपण हीच नजर घेऊन देवळातल्या लाकडी मूर्तीकडे बघणार आहोत.

आपल्या शिरूर-दौंडच्या भीमाकाठी लाकूडकामाची परंपरा जुनी आहे. जवळच थेऊरला थोरल्या माधवराव पेशव्यांचा लाकडी सभामंडप आहे. माधवराव 1772 साली थेऊरलाच वारले. त्यामुळे आपल्याकडे कुठेही सुरूच्या झाडासारखा निमुळता लाकडी खांब दिसला की लोक म्हणतात, "पेशवेकाळातलं आहे." पण ती घडण पुढेही सुतार करत राहिले. नक्षी बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून नुसत्या नक्षीवरून वय सांगता येत नाही.

आमच्या गटातल्या एकीच्या माहेरी, भीमेकाठच्या एका गावात, दीड हात उंचीची लाकडी देवी आहे. मागे रंगवलेली फळी आहे. यात्रेच्या तोंडावर ठरलं की देवी सगळी घासून काढायची आणि नवा ऑइलपेंट द्यायचा. गावात म्हणत, "देवी चारशे वर्षांची, शिवाजी महाराजांच्या काळातली." आम्ही गुरवमामांना म्हटलं, "मामा, घासायच्या आधी एकदा नीट बघू द्या." लाकूडकाम जाणणाऱ्या पुण्याच्या एका ताईही सोबत आल्या.

त्यांनी पहिल्यांदा देवीची पाठ बघितली. दर्शनाला येणाऱ्यांना पाठ दिसत नाही, म्हणून ती कुणी रंगवत नाही आणि घासतही नाही. पाठीवर लहान-लहान, उथळ, शिंपल्यासारखे खड्डे होते. ते वाकसाचे घाव. तळाला करवतीच्या रेघा होत्या, सरळ पण कमीजास्त अंतराच्या, म्हणजे हाताने ओढलेल्या करवतीच्या. देवी ज्या पाटावर उभी आहे, त्याच्या खाली मात्र वाकड्या, एकामागे एक अशा कमानीसारख्या रेघा होत्या. त्या गिरणीतल्या गोल करवतीच्या. पाटाला खिळेही तारेचे, गोल, कारखान्यात झालेले. देवीच्या खांद्यात होता तो खिळा चौकोनी, लोहाराने ठोकलेला. म्हणजे पाट नंतरचा. त्यावरून देवीचं वय ठरवलं असतं तर आपण फसलो असतो.

पाठीत आणखी एक चौकोनी खाच होती. तिचा मूर्तीशी काही संबंध नव्हता. हात नाही, खुंटी नाही. ताई म्हणाल्या, "हा सागवानाचा तुकडा आधी एखाद्या वाड्याच्या तुळईत असावा." वाडा पडला की त्याचं सागवान कोणी फेकत नाही. त्यामुळे लाकूड मूर्तीपेक्षा जुनं असू शकतं. प्रयोगशाळेत कार्बन तपासून लाकडाचं वय काढतात, पण तो आकडा झाड केव्हा वाढलं ते सांगतो, सुतार केव्हा बसला ते सांगत नाही. शिवाय साधारण 1650 नंतरच्या लाकडात ही तपासणी एकाच तुकड्याला दोन-तीन वेगवेगळे काळ दाखवते. म्हणून आपल्या देवीसाठी तिचा फारसा उपयोग नव्हता.

उरले रंग. पदराच्या काठावर एक पोपडा आधीच सुटलेला होता. भिंगातून त्याच्या कडेला पाच रेघा दिसल्या. वर चकचकीत ऑइलपेंट, खाली जुना गुलाबी ऑइलपेंट, त्याखाली शेंदूर, त्याखाली निळा आणि तळाला खडूचा पांढरा लेप. आम्ही लगेच म्हणालो, "पाच वेळा रंगवली!" ताई हसल्या. "मध्ये काजळी कुठे आहे ते बघा." पांढरा आणि निळा यांच्यात काहीच नव्हतं. पांढरा हा अस्तर, निळा त्यावरचा रंग, म्हणजे एकाच बैठकीतलं काम. निळ्यावर आणि शेंदरावर मात्र काळी, तेलकट रेघ होती, दिव्याच्या काजळीची. ती साठायला वर्षं जातात. म्हणजे पाच थर, पण रंगवण्याच्या वेळा चार.

मग तडा. देवीच्या छातीवर उभा तडा आहे. निळा रंग तड्याच्या कडेला कापल्यासारखा तुटलेला होता, पण शेंदूर तड्याच्या आत ओघळलेला होता. तुम्हीच सांगा, आधी काय? आधी निळा, मग लाकूड सुकून तडा, मग शेंदूर.

निळ्याचा टाचणीच्या टोकाएवढा कण ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. झाडाची नीळ वेगळी दिसते. दगडाची नीळ, म्हणजे अफगाणिस्तानातून येणारा महागडा लाजवर्द, ओबडधोबड कणांची असते. आपल्या देवीचे कण बारीक, गोलसर, एकसारखे होते. ही कारखान्यातली नीळ. ती फ्रान्समध्ये 1828 च्या सुमारास पहिल्यांदा बनली. म्हणजे देवीवरचा सगळ्यात खालचा रंगही त्यानंतरचा.

पण त्याहून जुना रंग कोणीतरी खरवडून टाकला असेल तर? म्हणून आम्ही पदराच्या खोल चुण्या आणि कानामागची जागा बघितली. तिथे पटाशी किंवा काचपेपर पोचत नाही, म्हणून जुना रंग असलाच तर तिथे उरतो. तिथेही पांढऱ्या लेपाखाली थेट लाकूडच होतं. दुसऱ्या बाजूने, गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही देवी शेंदराचीच होती." म्हणजे शेंदूर शंभरेक वर्षांपूर्वीचा. त्याच्याही आधी निळ्यावर काजळी बसली आणि तडा गेला. तेव्हा देवी बहुधा 1830 नंतर आणि 1900 च्या आधी घडलेली. याहून नेमकं सांगता येत नाही.

चारशे वर्षं गेली म्हणून गावातले काही जण हिरमुसले. पण शंभर वर्षांवरची मूर्ती 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती परदेशी नेता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. त्याआधी महिनाभर एक माणूस येऊन "जुनं लाकूड द्या, नवी संगमरवरी मूर्ती देतो" म्हणाला होता. तो परत आला तेव्हा सरपंचताईंनी त्याला हेच ऐकवलं.

घासायचा बेतही मोडला. घासलं असतं तर काजळीच्या रेघा, तडा, निळा, सगळी साक्ष एका सकाळी गेली असती. आणि आपला जुना शेंदूर बहुतेकदा शिशापासून केलेला असतो. त्याची धूळ नाकातोंडात गेली तर विषारी, लेकरांना तर फारच. गुरवमामांनी कोरड्या मऊ कुंचल्याने फक्त धूळ काढली. यात्रेला देवीला नवी साडी नेसवली, नवा रंग दिला नाही.

आम्ही एका वहीत देवीची पाठ, तळ, तडा आणि तो पोपडा यांचे फोटो चिकटवले आणि तारीख घातली. सुटलेला पोपडा कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर जागा लिहून, देवळाच्या पेटीत ठेवला. पुढे कधी रंग द्यायचाच झाला, तरी पाठ आणि कानामागची जागा कोरी सोडायची, असं गुरवमामांनी स्वतःच्या हाताने त्या वहीत लिहिलं आहे.