एक तृतीयांशाचा हिशेब

मुंबईला पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न १८७० च्या सुमारास फार निकडीचा झाला होता. विहार तलाव १८६० मध्ये तयार झाला होता, पण वाढत्या वस्तीला तो पुरेनासा झाला. तेव्हा मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता होते कॅप्टन हेक्टर टुलॉक. उंच दगडी धरण बांधायचे तर त्या भिंतीचा आकार कसा असावा, याविषयी त्यांनी ग्लासगो विद्यापीठाचे प्राध्यापक रँकिन यांचा सल्ला मागितला. रँकिन यांचे उत्तर जानेवारी १८७२ मध्ये लंडनच्या एका अभियांत्रिकी साप्ताहिकात छापून आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रँकिन वारले. त्यांच्या उत्तरात एक अट होती. धरण भरलेले असो वा रिकामे, भिंतीवरचा एकूण भार तिच्या जाडीच्या मधल्या एक तृतीयांश भागातूनच खाली उतरला पाहिजे.

ही अट रँकिन यांनी नव्याने शोधलेली नव्हती. कमानी आणि आधारभिंती बांधणाऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. पण धरणाच्या बाबतीत ती स्पष्टपणे मांडणारे ते पहिल्या काही जणांपैकी होते. या अटीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, ते पुढे २३ वर्षांनी फ्रान्समध्ये दिसले. त्याकडे वळण्यापूर्वी ही अट नेमकी काय सांगते ते पाहू. मी हे विद्यार्थ्यांना शिकवताना नेहमी एका खांबापासून सुरुवात करतो. तेच इथेही करतो.

समजा, ६० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा दगडी खांब आहे. तो आखूड आहे, म्हणजे वाकून मोडण्याइतका उंच नाही. त्याच्या बरोबर मध्यावर ३६ टन वजन ठेवले, तर ते सगळीकडे सारखे वाटले जाते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १० किलो दाब येतो. आता तेच वजन ५ सेंटिमीटर उजवीकडे सरकवा. वजन तेवढेच आहे, पण उजव्या कडेवरचा दाब १५ किलो होतो आणि डाव्या कडेवरचा ५ वर येतो. आणखी ५ सेंटिमीटर सरकवा. उजवीकडे २० किलो आणि डावीकडे शून्य. डावी कड खांबावर नुसती टेकलेली आहे, तिच्यावर कसलाच भार नाही. वजन मध्यापासून १० सेंटिमीटरवर आहे, म्हणजे ६० चा सहावा भाग. दोन्ही बाजूंना सहावा सहावा भाग धरला की मधला एक तृतीयांश होतो. नियमाला हे नाव मिळाले ते यावरून.

तिसरा भागच का? दाबाचे चित्र काढले की उत्तर दिसते. एका कडेला शून्य आणि दुसऱ्या कडेला सर्वांत जास्त दाब, असे ते चित्र त्रिकोणाचे असते. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य त्याच्या जाड बाजूपासून एक तृतीयांश अंतरावर असतो. वजनाचा तोल सांभाळायचा तर वजनही नेमके तिथेच असावे लागते.

वजन त्याहून पुढे, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर नेले तर उजवीकडे २५ किलो दाब येतो आणि डावीकडे उणे ५. उणे म्हणजे दाब नव्हे, ताण. डावी कड वर उचलली जाऊ पाहते आणि तिला कोणीतरी खाली ओढून धरावे लागते. लोखंडाची सळई असली तर ती हे काम करते. दगड आणि चुना यांच्या सांध्याला ते जमत नाही. दगडावर दगड कितीही दाबा, तो सोसतो. पण ओढले की सांधा उघडतो. (खांबावरचे वजन एकाच वेळी दोन्ही दिशांनी सरकत असेल तर सुरक्षित जागा आणखी आखडते. चौकोनी खांबात ती शंकरपाळ्याच्या आकाराची उरते.)

धरणाची भिंत हा असाच एक आखूड खांब आहे, असे समजायला हरकत नाही. तिचे स्वतःचे वजन मध्यावरून खाली उतरते. पाणी तिला आडवे ढकलते. त्या ढकलण्यामुळे एकूण भार कोरड्या बाजूकडे सरकतो. पाण्याची पातळी जितकी वाढेल तितका तो जास्त सरकतो.

आता फ्रान्समध्ये जाऊ. पूर्वेकडच्या वोज प्रांतात एपिनाल शहराजवळ बूझे नावाचे गाव आहे. तिथे एका कालव्याला पाणी पुरवण्यासाठी १८७८ ते १८८० या काळात दगडी धरण बांधले गेले. भिंत सुमारे २२ मीटर उंच आणि अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक लांब होती. त्या काळच्या फ्रेंच पद्धतीत मुख्य प्रश्न एकच विचारला जाई. दगडावर कुठेही इतका दाब येतो का, की तो चुरडला जाईल? बूझेच्या भिंतीत उत्तर ‘नाही’ असे होते. म्हणून आकडेमोडीत ती सुरक्षित ठरली. भिंतीचा वरचा भाग मात्र फारच सडपातळ होता.

मार्च १८८४ मध्ये सुमारे १३५ मीटर लांबीचा तुकडा पायासकट थोडा पुढे सरकला. तलाव रिकामा करून पाहणी झाली आणि १८८८-८९ मध्ये पायथ्याला भक्कम आधार देण्यात आला. सगळ्यांचे लक्ष खालच्या भागाकडे होते. वरचा भाग जसाच्या तसा राहिला. २७ एप्रिल १८९५ च्या पहाटे, तलाव भरलेला असताना, भिंतीचा वरचा सुमारे १० मीटर उंचीचा भाग जवळजवळ १७० मीटर लांबीत तुटून पडला. सुमारे ७० लाख घनमीटर पाणी आविएर नदीच्या खोऱ्यात लोटले. ऐंशीहून अधिक माणसे मेली. खाली उरलेली भिंत जवळजवळ आडव्या रेषेत कापल्यासारखी दिसत होती. दगड चुरडले नव्हते. सांधा उघडला होता.

हे कसे घडले असेल, ते एका सोप्या नमुन्यावर पाहता येते. बूझेची भिंत वरून खाली रुंद होत गेलेली होती. आपण हिशेबासाठी सरळ भिंत घेऊ, १० मीटर उंच आणि ५ मीटर जाड. दगडकामाचा एक घनमीटर २.२ टनांचा धरला तर भिंतीच्या एक मीटर लांबीचे वजन ११० टन होते. पाणी काठोकाठ असेल तर ते तेवढ्याच लांबीला ५० टनांनी ढकलते, आणि हा जोर तळापासून ३.३३ मीटर उंचीवर लागतो. हिशेब केला की एकूण भार तळाच्या मध्यापासून सुमारे दीड मीटर सरकलेला दिसतो. जाडीचा सहावा भाग ८३ सेंटिमीटर आहे. म्हणजे भार मधल्या तिसऱ्या भागाच्या बराच बाहेर गेला.

अशा वेळी कोरड्या कडेवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो दाब येतो. साधा दगडही हे सहज सोसेल. जुन्या फ्रेंच पद्धतीने पाहिले तर ही भिंत उत्तम आहे. पाण्याकडच्या कडेवर मात्र जवळजवळ २ किलोचा ताण आहे. चुन्याचा सांधा तो धरून ठेवेल, असा भरवसा नसतो.

सांधा उघडला तरी भिंत लगेच पडत नाही. पाण्याकडचा दोन मीटरचा भाग सुटतो आणि उरलेला तीन मीटरचा भाग सगळा भार घेतो. भार अजून तळाच्या आतच आहे. कोरड्या जमिनीवरची भिंत या स्थितीत वर्षानुवर्षे उभी राहू शकते. पण इथे फट पाण्याकडे उघडली आहे. पाणी आत शिरते आणि वरच्या भिंतीला खालून उचलू लागते. दोन मीटरच्या फटीत दहा मीटर खोलीचा दाब भरला की वर उचलणारा जोर सुमारे २० टन होतो. भिंतीचे ११० टन वजन आता ९० टनांइतकेच कामाचे उरते आणि भार आणखी कडेकडे सरकतो. पुन्हा हिशेब केला तर भिंत फक्त ९० सेंटिमीटर पट्टीवर टेकलेली निघते. मग फट चार मीटर होते, वर उचलणारा जोर दुप्पट होतो, आणि तिसऱ्या वेळी भार तळाच्या बाहेर पडतो. भिंत उलटते. कागदावर मी हे तीन पायऱ्यांत लिहिले. प्रत्यक्षात सांधा एकदा उघडला की त्याला फार अवधी लागत नाही.

हीच भिंत रँकिन यांच्या अटीत बसवायची तर ५ ऐवजी सुमारे पावणेसात मीटर जाड करावी लागते. पण बूझेने आणखी एक गोष्ट दाखवली. मोरिस लेव्ही या फ्रेंच अभियंत्याने १८९५ मध्येच ती मांडली. दगडकामात सूक्ष्म फटी असतातच. तेव्हा पाण्याकडच्या कडेवर ताण नसणे पुरेसे नाही. तिथला दाब त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असावा, म्हणजे पाण्याला आत शिरायला वावच मिळणार नाही. आपल्या नमुन्यात ही अट पाळायची तर जाडी ९ मीटरच्या पुढे जाते. हा खर्च फार मोठा. म्हणून पुढच्या काळात धरणाच्या पोटात बोगद्यासारखी गॅलरी ठेवून, पाण्याकडच्या बाजूजवळ उभी निचरा-छिद्रे घेण्याची पद्धत रूढ झाली. आत शिरलेले पाणी तिथेच काढून घेतले की त्याचा वर उचलणारा जोर कमी होतो.

तेव्हा मधल्या तिसऱ्या भागाचा नियम चुकीचा ठरला का? नाही. नियम एवढेच सांगतो की एकूण भार कुठे असावा. एकूण भारात काय काय मोजायचे, हे तो सांगत नाही. वजन आणि पाण्याचे ढकलणे मोजले, पण खालून उचलणारे पाणी विसरले, तर कागदावर मधल्या भागात दिसणारा भार प्रत्यक्षात बाहेर असू शकतो.

मुंबईसाठी तानसाचे दगडी धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, बूझे फुटण्याच्या तीन वर्षे आधी. त्याचे पाणी मुंबईला आजही मिळते. जुन्या दगडी धरणाची तब्येत पाहणारा अभियंता आधी कोरड्या बाजूवरची ओल आणि चुना धुऊन आल्याचे पांढरे ओघळ पाहतो. जिथे गॅलरी आहे तिथे झिरपणारे पाणी रोजच्या रोज मोजून वहीत लिहिले जाते. तलावाची पातळी तीच असताना हा आकडा वाढला, तर आत कुठेतरी सांधा उघडला असण्याची शंका घ्यावी लागते. आकडा एकाएकी कमी झाला तरी निश्चिंत होता येत नाही. निचऱ्याची छिद्रे बुजली असतील, तर पाणी बाहेर न येता आतच वर उचलण्याचे काम करत असते.